चार्टच्या डोक्यावर ‘महिनानिहाय भाव’ लिहू नका, काय निघालं ते लिहा

सोयाबीनच्या भावाचा चार्ट आमच्याकडं कुणीही काढतं. शेतकरी कंपनीच्या मीटिंगला, कृषी महाविद्यालयाच्या प्रोजेक्टला, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला, सगळीकडं तोच चार्ट आणि वर तेच हेडिंग, ‘महिनानिहाय सोयाबीनचा सरासरी भाव, रुपये प्रति क्विंटल’. आता हे हेडिंग चुकीचं नाही बरं का, पण त्यात जे लिहिलंय ते खालच्या आणि डावीकडच्या अक्षावर आधीच लिहिलेलं असतं. म्हणजे चार्टवरची सगळ्यात मोठी, सगळ्यात आधी वाचली जाणारी ओळ आपण एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगण्यात घालवतो. आणि मग मीटिंगमध्ये एखादे काका उठून विचारतात, “रेघ खाली-वर व्हायलीय ते दिसायलंय, पण आपलं काय झालं ते सांगा की.” ते जे विचारतात ना, त्याचं उत्तर म्हणजेच हेडिंग.

इथं मी एकच चार्ट घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जातो, एक्सेलमध्ये. नवीन माणसाला एक चार्ट नीट जमला की पुढचे जमतात.

आधी आकडे

हंगाम २०२४-२५ धरू, कारण त्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये क्विंटल होता आणि हा आकडा पक्का आहे. बाकीचे म्हणजे महिन्याचे भाव आणि आवक हे मी फक्त सरावासाठी धरलेत, ते कुठल्याही मोंढ्याचे नाहीत, कृपया पुढं पाठवू नका.

| महिना | सरासरी भाव (रु./क्विंटल) | आवक (क्विंटल) |
|---|---|---|
| ऑक्टोबर | ४२५० | ४२,००० |
| नोव्हेंबर | ४१८० | ५१,००० |
| डिसेंबर | ४०५० | २८,००० |
| जानेवारी | ४१०० | १७,००० |
| फेब्रुवारी | ४००० | १२,००० |
| मार्च | ४०८० | ९,००० |
| एप्रिल | ४३२० | ६,००० |
| मे | ४३८० | ५,००० |

तुमच्या खऱ्या आकड्यांबाबत एक गोष्ट आधी बघून घ्या. बाजार समितीचे दर रोजचे असतात, किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन. त्यातून महिन्याचा भाव काढताना लोक सर्वसाधारण दराच्या रकान्यावर सरळ सरासरी मारतात. पण एखाद्या दिवशी मोंढ्यात २० क्विंटल माल आला आणि दुसऱ्या दिवशी ३००० क्विंटल, तर दोन्ही दिवसांना सारखं वजन कसं देणार? आवकेचं वजन धरून सरासरी काढायची, आणि ते एका ओळीत होतं. समजा C मध्ये दर आणि D मध्ये आवक आहे, तर:

```
=SUMPRODUCT(C2:C27,D2:D27)/SUM(D2:D27)
```

हे इथंच सांगायचं कारण म्हणजे पुढं आपण हेडिंगमध्ये ठामपणे काहीतरी लिहिणार आहोत. ‘महिनानिहाय भाव’ असं लिहिलं की आकडा थोडा इकडचा तिकडं असला तरी हेडिंग खोटं पडत नाही, पण एकदा का ‘इतक्या रुपयांनी खाली’ लिहिलं की मग खालचा हिशोब पक्का लागतो, कुणीतरी पट्टी घेऊन उभा राहणारच आहे.

हेडिंग चार्टच्या आधी, कागदावर

एक्सेल उघडण्याआधी आकड्यांकडं बघून एक वाक्य लिहा. वाक्य म्हणजे पूर्ण वाक्य, ज्यात काहीतरी झालं किंवा झालं नाही असं सांगितलंय. पहिल्या फटक्यात चांगलं येत नाही, येऊ द्या तसं. माझ्यासमोर शिकायला बसलेली पोरं साधारण या क्रमानं जातात.

आधी येतं ‘सोयाबीनच्या भावाचा आलेख’. हे नाव झालं, वाक्य नाही.

मग येतं ‘सोयाबीनच्या भावात चढउतार’. हे वाक्यासारखं वाटतं पण कुठल्याही वर्षाच्या, कुठल्याही पिकाच्या चार्टवर चिकटवता येतं. तूर घ्या, हरभरा घ्या, चढउतार असतोच. दुसऱ्या चार्टवर जसंच्या तसं चालणारं हेडिंग तुमच्या चार्टबद्दल काहीच सांगत नाही.

मग पोरगं जरा तापतं आणि लिहितं ‘मोंढ्यात शेतकऱ्यांची लूट’. भावना मला कळते, पण चार्टमध्ये लूट दिसत नाही, भाव दिसतो. खरेदीदाराला काय परवडत होतं, पेंडीला बाहेर काय भाव होता, तेलाचं काय चाललं होतं, यातलं काहीच या आकड्यांत नाही. समोर एक जरी आडत्या बसलेला असला तरी तो पहिल्या मिनिटात हेच पकडणार आणि मग तुमचा खरा मुद्दा बाजूला राहून वाद भलतीकडंच जाणार.

आणि मग हळूहळू जागेवर येतं: ‘आठही महिने सोयाबीनचा सरासरी भाव हमीभावापेक्षा ५०० रुपयांहून जास्त खाली’.

हे वाक्य का चालतं ते बघा. हे तपासता येतं. सगळ्यात चांगला महिना मे, भाव ४३८०, हमीभावातून वजा केला की फरक ५१२. म्हणजे सगळ्यात कमी फरक सुद्धा ५०० च्या वर, वाक्य खरं. आणि खोटंही पडू शकलं असतं, एका महिन्यात भाव ४५०० झाला असता तर पडलं असतं. हेडिंग बरोबर आहे का हे बघायची माझी साधी खूण हीच, आकडे कसे असते तर हे वाक्य खोटं ठरलं असतं ते सांगता आलं पाहिजे. ‘चढउतार’ला ही खूण लावून बघा, सांगताच येत नाही.

त्यात ‘सरासरी’ हा शब्द आहे तो लांबी कमी करायला कापू नका. महिन्याचा सरासरी भाव खाली होता याचा अर्थ प्रत्येक शेतकऱ्याचा माल त्याच भावानं गेला असा नाही, एखाद्याचं चांगलं वाळवलेलं, स्वच्छ सोयाबीन त्या दिवशीच्या कमाल दरानं गेलेलं असतं. ‘सरासरी’ काढून टाकलं तर तो माणूस उठून म्हणणार माझं तर जास्तीनं गेलं, आणि तो खरंच बोलत असेल.

दुसरी अडचण जास्त खोल आहे आणि ती फक्त आकड्यांकडं बघून कळत नाही, मोंढा माहीत असावा लागतो. हमीभाव हा ठरलेल्या दर्जाच्या मालाला असतो, सोयाबीनला ओलावा १२ टक्क्यांपर्यंत. ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसानंतर जो माल मोंढ्यात येतो त्यात ओलावा पुष्कळ असतो आणि त्याचा भाव पडतो. म्हणजे आपण चार्टवर ज्या दोन रेघा शेजारी ठेवणार आहोत त्यातली एक वाळलेल्या मालाची आहे आणि दुसरी सगळा माल मिसळून. मग तुलनाच करायची नाही का? करायची, कारण शेतकऱ्याच्या हातात पडलेले पैसे तेवढेच आहेत. पण खाली बारीक अक्षरात एक ओळ टाकायची, ‘बाजारभाव सर्व दर्जाच्या मालाचा, हमीभाव १२% ओलाव्याच्या मालाला’. ही ओळ हेडिंगला कमजोर करत नाही, उलट वाद घालणाऱ्याचा पहिला मुद्दा तुम्ही स्वतःच सांगून टाकलेला असतो.

जुन्या हेडिंगमधली माहिती फेकायची नाही, तिला फक्त खाली सरकवायचं. कुठलं पीक, कुठला बाजार, कधीपासून कधीपर्यंत, एकक काय, हे सगळं उपशीर्षकात, लहान अक्षरात, करड्या रंगात: ‘सोयाबीन, महिन्याचा आवक-भारित सरासरी भाव, रु. प्रति क्विंटल, ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५’.

आता चार्ट, पण साधा

रेघेचा चार्ट घ्या, `Insert` मधला `Line`. आपली गोष्ट वेळेबरोबर काय झालं ही आहे आणि दुसरी रेघ हमीभावाची टाकायचीय, तिथं खांब अडचण करतात. हमीभावाची रेघ काढायला वेगळं काही शोधू नका. भावाच्या शेजारी आणखी एक रकाना करा, आठही ओळींत ४८९२ लिहा, झाली आडवी रेघ. मग तिच्यावर राइट क्लिक, `Format Data Series`, आणि `Dash type` मधून तुटक करा, रंग गडद करडा. भावाची रेघ जाड आणि एकच ठळक रंगाची. आवकेचा रकाना चार्टमध्ये घेऊ नका, तो कशाला लागणार ते पुढं येतंय.

उभा अक्ष बघा. एक्सेल कधी तो शून्यापासून धरतं कधी मधूनच सुरू करतं, आकड्यांवर अवलंबून असतं. या चार्टमध्ये शून्यापासून धरला तर दोन्ही रेघा वर जाऊन चिकटतात आणि खाली नुसतं पांढरं मैदान. खांबांचा चार्ट असता तर शून्य सोडता आलं नसतं कारण तिथं डोळा खांबाची उंची मोजतो, रेघेत उतार आणि अंतर मोजतो म्हणून चालतं. अक्षावर डबल क्लिक करून `Minimum` ३५०० आणि `Maximum` ५००० करा. पण असं केल्यावर फरक दिसायला मोठा होतो हे विसरू नका. फेब्रुवारीतला फरक ८९२ रुपयांचा, म्हणजे हमीभावाच्या साधारण १८ टक्के, आणि चार्टवर मात्र भाव निम्म्याहून खाली कोसळल्यासारखा दिसेल. म्हणून फरकाचा आकडा रुपयांत चार्टवर लिहिणं इथं शोभेचं काम नाही, गरजेचं आहे.

लेजंड, म्हणजे खाली ती रंगांची चौकट असते ना, ती डिलीट करा. त्याऐवजी प्रत्येक रेघेच्या उजव्या टोकाला तिचं नाव, रेघेच्याच रंगात. बघणाऱ्याची नजर रेघेवरून चौकटीत आणि चौकटीतून परत रेघेवर पळवायची काही गरज नाही. आडव्या ग्रिडलाइन फिक्या करा नाहीतर काढूनच टाका.

कॉलआउट कुठं लावायचे

नवीन माणूस इथं जास्त चुकतो, आणि चुकतो तो कमी लावून नाही, जास्त लावून. आठ महिने आहेत म्हणून आठ आकडे. मग चार्ट म्हणजे टेबलच झाला, तोही वाकडातिकडा. हेडिंगनं एक गोष्ट सांगितलीय, कॉलआउटचं काम तिचा पुरावा बोटानं दाखवणं आणि वाचणाऱ्याच्या मनात जो पुढचा प्रश्न येणार त्याला तिथंच उत्तर देणं. अशा चार्टला दोन किंवा तीन पुरतात.

आपल्या चार्टवर मी हे तीन लावीन.

पहिला फेब्रुवारीवर, कारण सगळ्यात खोल जागा ती. मजकूर: ‘फेब्रुवारी: ४०००, हमीभावापेक्षा ८९२ रु. कमी’. नुसतं ‘४०००’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वजाबाकी करावी लागते. नुसतं ‘सर्वात कमी भाव’ लिहिलं तर किती ते कळत नाही. आकडा आणि त्याचा अर्थ दोन्ही पाहिजेत, आणि आठ-दहा शब्दांत.

दुसरा मे वर: ‘मे: सर्वात चांगला महिना, तरीही ५१२ रु. कमी’. हेडिंगमध्ये ‘आठही महिने’ म्हटलंय आणि लोकांची नजर आपोआप उजवीकडं वर जाणाऱ्या रेघेवर जाते, शेवटी तरी भाव सुधारला असेल की. त्या आशेला हा कॉलआउट तिथंच उत्तर देतो. ‘तरीही’ हा छोटा शब्द इथं पुष्कळ काम करतो.

तिसरा ऑक्टोबर ते डिसेंबरवर, आणि इथं आवकेचा रकाना कामाला येतो. तीन महिन्यांची आवक मिळून १,२१,००० क्विंटल, आठ महिन्यांची १,७०,०००. म्हणजे ७१ टक्के. कॉलआउट: ‘एकूण आवकेपैकी ७१% माल याच ३ महिन्यांत’. आता काही जण म्हणतील आवकेचे खांब टाकून उजवीकडं दुसरा अक्ष लावू या. नका. दोन अक्षांच्या चार्टमध्ये कुठली रेघ कुठल्या अक्षाची हे शोधण्यातच माणूस दमतो, आणि वर दोन्ही अक्षांची पट्टी आपण ठरवू तशी असल्यामुळं रेघ खांबाला कुठं छेदते याला काही अर्थ नसतो तरी लोक तिथं अर्थ काढत बसतात. आवकेतली आपल्याला लागणारी गोष्ट एकाच आकड्याची आहे, ती एका टीपेत बसते. या कॉलआउटला बाण लावू नका, एका टोकाबद्दल तो नाही, तीन महिन्यांबद्दल आहे, म्हणून त्या तीन महिन्यांमागं फिका पिवळा आयत टाकायचा आणि मजकूर त्याच्या आत वर. आयत रेघेच्या वर बसतो, म्हणून त्याची पारदर्शकता ७०-८० टक्के ठेवा नाहीतर रेघ झाकली जाते.

‘मुळे’ लिहिण्याआधी थांबा

मे मध्ये भाव का वाढला? हा प्रश्न येणारच आणि कॉलआउटमध्ये कारण लिहायचा मोह होणारच. आवक कमी झाल्यामुळं भाव वाढला, असं लिहावंसं वाटतं, आणि असेलही तसं. पण या टेबलात फक्त एवढंच आहे की दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या. त्यातही बघा, आवक नोव्हेंबरनंतर उतरतेय आणि जानेवारीतले ५० रुपये सोडले तर भाव फेब्रुवारीपर्यंत तिच्याबरोबर उतरतोय. आवक घटली की भाव वाढतो असं असतं तर डिसेंबरमध्ये आणि फेब्रुवारीतही दिसायला पाहिजे होतं. म्हणजे हे कारण आपल्याच आकड्यांत नीट बसत नाही.

तसंच ‘भाव वाढला तेव्हा शेतकऱ्यांकडं माल उरला नव्हता’ हे वाक्य. एप्रिल-मे मिळून आवक ११,००० क्विंटल, एकूण आवकेच्या जेमतेम साडेसहा टक्के, त्यामुळं वाक्य अगदी खरं वाटतं. पण मोंढ्यात माल आला नाही एवढंच आपल्याला माहीत आहे, घरात किती होता, गोदामात तारण ठेवून किती होता, ते या आकड्यांत नाही. ‘एप्रिल-मे मध्ये फक्त ६.५% माल विक्रीला आला’ इथपर्यंत लिहा आणि थांबा.

घटना दाखवायची असेल तर दाखवा, फक्त ती घटना म्हणून. त्या हंगामात नोव्हेंबरमध्ये केंद्रानं हमीभावाच्या सरकारी खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली होती. ते चार्टवर नोव्हेंबरपाशी बारीक उभी रेघ मारून ‘नोव्हें. २०२४: सरकारी खरेदीत १५% ओलाव्यापर्यंत सूट’ असं लिहिता येईल. ‘या सूटीमुळे’ किंवा ‘सूट देऊनही’ असं लिहिलं की लगेच दावा झाला. अर्थात ही रेघ टाकली तर आधीच्या तीन कॉलआउटमध्ये चौथं होतं, मग मी म्हणेन मीटिंगमध्ये खरेदी केंद्राचा विषय निघणार असेल तरच टाका.

एक्सेलमध्ये बोटं कुठं लावायची

हेडिंग हातानं टाइप करू नका, सेलला जोडा. एका रिकाम्या सेलमध्ये, समजा F1 मध्ये, हे लिहा. B2 ते B9 मध्ये आपले आठ भाव आहेत:

```
="सोयाबीन: "&COUNT(B2:B9)&" पैकी "&COUNTIF(B2:B9,"<4892")&" महिने सरासरी भाव हमीभावाच्या खाली"
```

मग चार्टच्या शीर्षकावर एकदा क्लिक करा, वर फॉर्म्युला बारमध्ये `=` टाइप करा, F1 सेलवर क्लिक करा, एंटर. शीर्षकात थेट फॉर्म्युला लिहिला तर चालत नाही, फक्त सेलचा पत्ता चालतो, बरेच जण इथं अडकतात. जोडल्यावर त्यातले काही शब्द ठळक आणि काही साधे असं करता येत नाही, सगळी ओळ एकसारखी राहते, म्हणून उपशीर्षकाला वेगळा टेक्स्ट बॉक्स घ्यावा लागतो. गूगल शीट्समध्ये `Chart & axis titles` खाली `Chart subtitle` वेगळंच मिळतं, तिथं ही कटकट नाही.

हे सेलला जोडलेलं हेडिंग आपण कागदावर लिहिलेल्या वाक्यापेक्षा थोडं रुक्ष आहे, मान्य. चार्ट एकदाच छापायचा असेल तर हातानं लिहिलेलं चांगलं वाक्य टाका. दर महिन्याला नवी ओळ भरणार असाल तर जोडलेलं बरं, फक्त नवी ओळ घातल्यावर फॉर्म्युल्यातली रेंज त्या ओळीपर्यंत पोचली का ते बघा.

कॉलआउटसाठी रेघेवर एकदा क्लिक केलं की सगळी रेघ निवडली जाते, थोडं थांबून फेब्रुवारीच्या बिंदूवर परत क्लिक केलं की फक्त तो बिंदू. आता राइट क्लिक, `Add Data Label`, त्यातून `Add Data Callout`. एक फुगा येतो त्यात महिना आणि भाव लिहिलेला असतो. फुग्याच्या आत क्लिक करून मजकूर बदला, किंवा हेडिंगसारखंच फॉर्म्युला बारमध्ये `=` देऊन सेलला जोडा:

```
="फेब्रुवारी: "&B6&", हमीभावापेक्षा "&(4892-B6)&" रु. कमी"
```

डेटा लेबलचा फायदा हा की ते बिंदूला बांधलेलं असतं, चार्ट लहान-मोठा केला, आकडा बदलला, तरी बिंदूबरोबर हलतं. साधा टेक्स्ट बॉक्स तसा हलत नाही. तीन महिन्यांचा आयत आणि त्यावरचा मजकूर यांना मात्र टेक्स्ट बॉक्स आणि शेपच लागतात. ते टाकताना आधी चार्टवर क्लिक करून चार्ट निवडा आणि मग `Insert` मधून शेप घ्या. नाहीतर शेप चार्टच्या आत न जाता शीटवर बसतो, दिसायला सगळं नीट दिसतं, आणि चार्ट कॉपी करून वर्डमध्ये टाकला की आयत आणि मजकूर मागंच राहतो. कळायचं कसं? चार्टची चौकट धरून थोडी सरकवा, आयत बरोबर आला तर आत आहे, जागेवरच राहिला तर बाहेर.

फुग्याची जागा रेघेच्या मोकळ्या बाजूला. आपल्या चार्टमध्ये फेब्रुवारीचा बिंदू सगळ्यात खाली आहे म्हणून फुगा त्याच्या खाली, दोन रेघांच्या मधली जागा मोकळी ठेवा, कारण ती मोकळी जागाच तर आपली गोष्ट आहे. मे चा फुगा उजव्या टोकाला कापला जातो, त्याला डावीकडं खाली ओढा. बाणांच्या रेघा एकमेकांना छेदायला नकोत. फुग्याची भरीव किनार आणि सावली काढून टाका, नुसता मजकूर आणि एक बारीक रेघ पुरते.

आकड्यांचं एक. मी इथं देवनागरी आकडे लिहितोय, पण एक्सेलच्या अक्षावर आणि फॉर्म्युल्यातून येणारे आकडे सहसा इंग्रजीच असतात. एकाच चार्टवर हेडिंगमध्ये ५१२ आणि कॉलआउटमध्ये 512 असं झालं की डोळ्याला खटकतं, चार्टवर सगळीकडं एकच ठेवा.

पाठवण्याआधी

चार्ट लॅपटॉपवर छान दिसतो पण बघितला जाणार फोनवर, तोही उन्हात, बांधावर उभं राहून. स्वतःच्याच फोनवर पाठवून बघा आणि झूम न करता कॉलआउट वाचता येतो का ते बघा. येत नसेल तर अक्षर मोठं करण्याआधी शब्द कमी करा. ग्रुपवर फोटो म्हणून टाकला की व्हॉट्सॲप तो दाबतं आणि जोडाक्षरं चिकटतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मग ज्यानं हे आकडे पाहिलेलेच नाहीत अशा माणसाला दाखवा आणि काही न सांगता विचारा, यातून काय कळलं? त्यानं हेडिंग वाचून दाखवलं तर त्याला पकडू नका, म्हणावं हे चार्टवर कुठं दिसतंय बोट ठेवा. बोट दोन रेघांच्या मधल्या जागेवर गेलं तर जमलं. बोट फिरतच राहिलं तर हेडिंग आणि चार्ट दोन वेगळ्या गोष्टी सांगतायत. बहुतेक वेळा चार्टचा प्रकार चुकलेला असतो, आणि भावाचा चार्ट काढून हेडिंग आवकेवर दिलेलंही मी बघितलंय.

सगळ्याच चार्टला असं हेडिंग लागतं असं नाही. बाजार समिती रोजचे दर लावते, तिथं प्रत्येक जण आपापला प्रश्न घेऊन येतो, कुणाला आजचा भाव हवाय, कुणाला मागच्या आठवड्याचा, तिथं ‘सोयाबीनचे रोजचे दर’ हेच योग्य. आकड्यांतून खरंच काही निघत नसेल तर तेही लिहिता येतं, ‘डिसेंबर ते मार्च भाव ४००० ते ४१०० च्या मध्येच अडकून’, हे पण निघालेलंच आहे की.

शेवटचं काम जूनची ओळ भरताना येतं. समजा जूनला भाव ४५०० झाला. मग फरक ३९२, म्हणजे ‘सगळे महिने ५०० रुपयांहून जास्त खाली’ हे हातानं लिहिलेलं हेडिंग त्या दिवशी खोटं झालं, आणि मे वरचं ‘सर्वात चांगला महिना’ पण. सेलला जोडलेलं हेडिंग नऊ पैकी नऊ दाखवत राहील, ते खरंच आहे, पण फेब्रुवारीचा फुगा सोडला तर बाकीचे दोन्ही हातानं बदलावे लागतील, कारण जूनची आवक धरली की ७१ टक्केही हलतात. म्हणून शीटमध्ये चार्टच्या शेजारी हातानं लिहिलेल्या प्रत्येक वाक्याची एक यादी ठेवा, आणि नवी ओळ भरली की आधी ती यादी वाचा, मगच फाइल पाठवा.